गावाकडचं कुटुंब, इकडचा माणूस: मिक्सिंगचा फोटो शिकताना

गोव्यात डिचोली, साखळी, फोंडा, कुडचडे अशा ठिकाणी फोटो स्टुडिओ टाकणार असाल तर रविवारी दुकान उघडं ठेवा. बांधकामावरच्या आणि औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांची सुट्टी त्या दिवशी असते. ते येतात पासपोर्ट फोटोसाठी. घरमालकाला पोलीस ठाण्यात द्यायच्या भाडेकरू पडताळणीच्या अर्जाला फोटो लागतो, कंपनीच्या गेटपासला लागतो. आपण फोटो कापून पाकिटात घालेपर्यंत समोरचा माणूस खिशातून मोबाईल काढतो, गावाकडचा एक फोटो उघडतो आणि म्हणतो, "दीदी, इसमें मेरे को भी डाल दो." मागणी एवढीच असते. तिच्यामागे वर्षभर न पाहिलेलं घर असतं, आणि बरेचदा एखादं मूल असतं जे बापाने फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलेलं असतं.

आमच्या धंद्यात याला मिक्सिंग म्हणतात. मी हे काम डिचोलीत बरीच वर्षं करते आहे आणि आता नव्या मुलामुलींना शिकवतेही. बहुतेक जण येताना एकच प्रश्न घेऊन येतात: फोटोतून माणूस कापून काढताना केस कसे कापायचे? मी त्यांना आधी कापायला बसवतच नाही. कापणं चार रविवारांत हाताला बसतं. फोटो खोटा दिसतो तो वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण संगणकाच्या पडद्यावर दुरुस्त होत नाही. गावाकडचा फोटो काढताना फोन किती लांब होता आणि जमिनीपासून किती उंचीवर होता, या दोन गोष्टी तुमच्याकडच्या फोटोशी जुळल्या नाहीत, तर बाकी सगळं जुळवूनही माणूस चिकटवलेलाच दिसतो.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. गावात फोटो काढणारा बहुधा दीर किंवा पुतण्या असतो. माणसं खाटेवर, खुर्चीवर बसलेली असतात, हा उभा राहून फोन डोळ्यांपुढे धरतो आणि खाली झुकवतो. मग त्या फोटोत खुर्चीची बैठक वरून दिसते, डोकी मोठी आणि पाय लहान दिसतात. इकडे स्टुडिओत आपण कॅमेरा तिपाईवर, पोटाच्या उंचीला लावतो आणि लांबून फोटो घेतो. त्यात माणसाची हनुवटी किंचित खालून दिसते, पाय पूर्ण मापाचे दिसतात. दोन्ही फोटो आपापल्या जागी चांगले. एकत्र केले की बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण नजर अडते.

लेन्स कुठली, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. नाक, कान, खांदे, हात यांची एकमेकांशी मापं कशी दिसतील ते फक्त अंतरावर ठरतं. त्याच जागेवरून दुसऱ्या लेन्सने फोटो घेतला तर चौकट लहानमोठी होते, चेहऱ्याचा घाट बदलत नाही. म्हणून गावाकडे फोन नऊ फुटांवर असेल तर इकडेही नऊ फुटांवरूनच घ्यायचा.

एक काम सविस्तर सांगते, म्हणजे पायऱ्या कळतील.

बिहारच्या पूर्णिया जिल्ह्यातला एक सेंट्रिंगवाला. म्हणजे स्लॅब ओतण्याआधी फळ्या, प्लेटा आणि टेकू लावतो तो. पंचविशी-तिशीचा, उंची साडेपाच फूट. गावी आई, बायको, सात वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. मुलाच्या जन्माआधी तो इकडे आला होता. छठपूजेच्या आधी फोटो घरी पोहोचावा एवढी त्याची इच्छा होती. त्याच्या मोबाईलमध्ये घरच्यांचा एक फोटो होता, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला. तो मोठा करून बघितला तर मुलाच्या चेहऱ्यावर चौकोनी ठिपके.

असा आलेला फोटो कधीच घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, लांब बाजूला सुमारे १६०० पिक्सेल. साध्या फोनचा मूळ फोटो ४००० बाय ३००० असतो. नऊ फुटांवर उभ्या माणसाचा चेहरा मूळ फोटोत जवळजवळ अडीचशे पिक्सेल उंच भरतो, लहान झालेल्यात शंभर. शंभर पिक्सेलच्या चेहऱ्यात डोळ्यांच्या पापण्या नसतात. तिथे तुम्ही जे काढाल ते तुमचं चित्र असेल, त्या बाईचा चेहरा नसेल. फोटो पाठवताना जोडणीच्या खुणेतून `Document` निवडायला सांगा, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी येते. तिच्यासोबत फोटो कधी काढला, कुठल्या लेन्सने काढला ही नोंदही येते, ती उपयोगी पडते.

तर मी त्याला म्हटलं, जुना फोटो राहू दे, नवा काढून घेऊ, आपण सांगू तसा. गावी त्याचा धाकटा भाऊ होता. त्याला व्हिडिओ कॉल लावला. या कॉलला वेळ द्या. माझ्या मते मिक्सिंगची मजुरी खरी या कॉलची असते, आणि गिऱ्हाईकालाही मी तसंच सांगते.

पहिला प्रश्न: कोण कुठे उभं राहणार? आपल्याला वाटतं नवरा-बायको शेजारी, मुलं पुढे. प्रत्येक घरात तसं चालत नाही. या घरात सासू मध्ये खुर्चीवर बसणार होती आणि तिच्यादेखत नवऱ्याला खेटून उभं राहायला सून तयार नव्हती. तिने तसं स्पष्ट सांगितलं, डोक्यावरचा पदर सारखा करत. मग ठरलं असं: आई उजवीकडे खुर्चीत, बायको डावीकडे मुलाला कडेवर घेऊन, दोघींच्या मध्ये एक पाऊल मागे नवऱ्याची मोकळी जागा आणि त्या जागेपुढे मुलगी. हे त्यांनी ठरवलं. फोटो त्यांच्या भिंतीवर लागणार आहे, माझ्या नाही.

दुसरी गोष्ट अंतर. तिकडे टेप नव्हती. मी साडी मागितली. अंगावर नेसायची साधी साडी साडेपाच मीटरची असते. दुहेरी घडी घातली की पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट. एक टोक वहिनीच्या पायाशी, दुसरं जिथे येईल तिथे फोन. साडी घरोघरी असते आणि कोणालाही मोजायला जमते. नऊ फुटांच्या आत येऊ देऊ नका, कडेची माणसं ताणल्यासारखी रुंद दिसायला लागतात.

तिसरी गोष्ट उंची. फोन वहिनीच्या खांद्याच्या रेषेत ठेवायचा. पाच फूट उंचीच्या बाईचा खांदा साधारण चार फुटांवर असतो. भावाने चौकीवर स्टूल ठेवून त्यावर विटा रचल्या आणि फोन विटेला टेकवून उभा केला, वर-खाली न झुकवता. फोन हातात न धरण्याचं आणखी एक मोठं कारण आहे, ते पुढे येईल. फोनमधला चेहरा गुळगुळीत करणारा पर्याय बंद करायला सांगायला विसरू नका. अनेक फोनमध्ये तो आपोआप चालू असतो, आणि मग घरच्यांची कातडी मेणासारखी आणि इकडच्या माणसाची खरी, असा फोटो तयार होतो.

चौथी गोष्ट उजेड. ऊन नको. ओसरीवर, छपराखाली, तोंड अंगणाकडे करून, सकाळी. अशा सावलीत उजेड समोरून आणि आकाशातून मऊ येतो, नाकाखाली काळी सावली पडत नाही. तो इकडे तयार करणं सोपं आहे. भर उन्हातला फोटो आला तर सूर्याचा कोन जुळवत बसावं लागतं, आणि गोव्यात पावसाळ्याच्या महिन्यांत तो सूर्य तुम्हाला मिळणारही नाही.

आता फोन स्थिर ठेवण्याचं कारण. त्या मोकळ्या जागेत मी आधी एक शेजारी उभा करायला लावला, सेंट्रिंगवाल्याच्याच उंचीचा. एक फोटो त्याच्यासकट. मग शेजारी बाजूला झाला, फोन कोणी हलवला नाही, आणि बाकीचे फोटो मोकळ्या जागेसह घेतले. या शेजाऱ्याच्या फोटोत तुम्हाला हवं ते सगळं लिहिलेलं असतं: तिथे उभा माणूस केवढा दिसतो, त्याचे पाय कुठे टेकतात, मुलीच्या डोक्यामागे त्याचा किती भाग झाकतो, त्याची जमिनीवर सावली कशी आणि किती गडद पडते. नवशिक्याने एवढी एकच गोष्ट उचलली तरी त्याचं काम निम्म्याहून अधिक सुधारेल.

शेजारी मिळाला नाही तर हिशेब करता येतो. अवघड नाही. फोटोत वहिनी डोक्यापासून पायापर्यंत १६६० पिक्सेल भरली. ती पाच फूट, म्हणजे फुटाला ३३२ पिक्सेल. नवरा तिच्या एक फूट मागे, म्हणजे फोनपासून दहा फुटांवर. जितका माणूस लांब, तितका लहान: ३३२ ला ९ ने गुणून १० ने भागलं की फुटाला २९९. साडेपाच फुटांचा माणूस तिथे सुमारे १६४५ पिक्सेल भरणार. बघा, प्रत्यक्षात तो तिच्यापेक्षा सहा इंच उंच, पण एक पाऊल मागे गेल्यामुळे कागदावर तिच्याएवढाच. मग त्याचं डोकं तिच्यापेक्षा वर दिसतं ते कसं? कारण त्याचे पायही वर सरकतात. फोन चार फुटांवर आहे, तेव्हा पाय त्या रेषेच्या चार फूट खाली: वहिनीचे १३२८ पिक्सेल खाली, त्याचे ११९६. म्हणजे त्याचे पाय तिच्या पायांपेक्षा सुमारे १३० पिक्सेल वर टेकले पाहिजेत. नवखे लोक सगळ्यांचे पाय एका रेषेत ठेवतात आणि माणूस मोठा करून डोकं वर काढतात. तो मग मागे उभा राहिलेला राक्षस दिसतो.

फोन खरंच चार फुटांवर होता की नाही हे आलेल्या फोटोवरून ताडता येतं. ओसरीच्या कडा, भिंतीतल्या विटांचे थर अशा फोनपासून लांब जाणाऱ्या रेषा पट्टीने पुढे वाढवा. त्या जिथे एकत्र येतात ती फोनची उंची. आमच्या फोटोत ती वहिनीच्या खांद्याशीच आली. रेषा तिच्या डोक्याच्या वर एकत्र आल्या असत्या तर मी फोटो परत काढायला लावला असता.

आता सगळ्यात नाजूक भाग: स्पर्श. त्याने मला सांगितलं, "बेटा मेरी गोद में चाहिए." कडेवर हवा. प्रत्येक बाप हेच मागतो आणि मी ते करत नाही. का, ते त्याला समजावून सांगितलं. दीड वर्षाचं मूल नऊ-दहा किलोचं असतं. त्याला उचललं की दंडाचा स्नायू ताणतो, कंबर एका बाजूला झुकते, शर्ट मुलाच्या पायाखाली चुरगळतो, मुलाची चड्डी हाताच्या दाबाने वर सरकते, आणि मूल स्वतः गळ्याशी बिलगतं. ही सगळी खूण दोन्ही अंगांवर असते. एकीकडची असून दुसरीकडची नसेल तर मूल हवेत लटकल्यासारखं दिसतं. सोपी युक्ती काही स्टुडिओवाले करतात: गावात भावाने मुलाला घेतलेला फोटो घ्यायचा आणि त्याचं डोकं काढून यांचं बसवायचं. झटपट होतं, छानही दिसतं. पण मग मुलाला धरलेले हात काकाचे असतात. त्या घरात ते हात सगळे ओळखतात. मला ते पटत नाही, आणि मी विचारल्यावर त्यालाही पटलं नाही.

त्याऐवजी आम्ही एक छोटा स्पर्श ठरवला. वहिनीच्या कडेवरच्या मुलाने बापाचं बोट धरायचं. गावात भावाने बोटाएवढ्या जाडीची एक काडी सोलून गुळगुळीत केली आणि मोकळ्या जागेच्या बाजूने मुलापुढे धरली. मुलाने ती टाकली, तोंडात घातली, रडला, आणि मग एकदा घट्ट धरली. त्या क्षणाला तो भलतीकडे बघत होता, पण फोन हललेला नसल्यामुळे दुसऱ्या फोटोतला हसरा चेहरा तिथे बसवता आला. मुठीने बोट झाकलं जातं, दोन्ही बाजूंना थोडंसंच दिसतं. वजन नाही, ताण नाही. हे जमतं.

दुसरा स्पर्श मुलीच्या खांद्यावरचा हात. मुलीचा खांदा जमिनीपासून किती, ते भावाला काठीवर खूण करून मोजायला सांगितलं: तीन फूट. इकडे लाईटच्या स्टँडवर जाड टॉवेलची गुंडाळी बांधून ती बरोबर तीन फुटांवर आणली. हात हवेत धरायला सांगितला तर बोटं ताठ राहतात आणि मनगट वर उचललेलं दिसतं. टेकू दिला की तळवा सैल पडतो, बोटं आपोआप खांद्याच्या गोलाईवर वळतात.

त्याचा फोटो मी स्टुडिओच्या आत घेतला नाही. दुकानाबाहेर पुढच्या पडवीत घेतला, कारण तिकडचा उजेडही ओसरीचाच होता. इथे गोव्यातल्या मुलांनी एक लक्षात घ्यावं. आपलं अंगण तांबड्या मातीचं, जांभ्या दगडाचं. त्यावरून उसळलेला उजेड हनुवटीखाली आणि गळ्याशी तांबूस रंग टाकतो. पूर्णियाची माती नदीच्या गाळाची, फिकट. तिकडच्या चेहऱ्यांवर खालून आलेला उजेड करडा-पिवळसर होता. म्हणून मी पडवीपुढे मळकट पांढरी चादर अंथरली. एवढ्याने जो फरक पडला तो नंतर रंगाच्या पट्ट्या ओढून पडला नसता, कारण पट्टी सगळा चेहरा बदलते आणि तांबूसपणा फक्त खालच्या बाजूला असतो.

कॅमेराही वापरला नाही. फोननेच काढला, हप्त्यांवर घेतलेला महागडा कॅमेरा असला तरी या कामाला तो कपाटात राहू द्या. फोन प्रत्येक फोटो स्वतः घासूनपुसून देतो, कडा टोकदार करतो, सावल्या उजळतो. कॅमेऱ्याचा फोटो शेजारी ठेवला की दोन वेगवेगळी कापडं जोडल्यासारखं दिसतं. फोन चार फुटांवर, त्याच्यापासून दहा फूट, जमिनीवर चिकटपट्टीने पायांच्या खुणा. पायांत काय घातलंय ते बघा. घरचे सगळे अनवाणी होते आणि हा नवे बूट घालून आला होता. बूट काढायला सांगितले.

पहिला फोटो काढल्याबरोबर लॅपटॉपवर शेजाऱ्याच्या फोटोवर ठेवला आणि `Opacity` पन्नास टक्के केली. डोकं, खांदे, पाय शेजाऱ्यावर बसले की पुढे जायचं. बसले नाहीत तर माणूस अजून समोरच उभा आहे, परत काढता येतो. तो गेल्यावर ओढाताण करून बसवू नका. बोटाची उंची दोनदा बदलावी लागली, तीही याच तपासणीत कळली.

जोडणं आता थोडक्यात सांगून होईल, आणि तसंच व्हायला हवं. माणूस पुसून टाकू नका, `Layer Mask` लावून लपवा, म्हणजे चुकलेला केस परत आणता येतो. थर असे: सगळ्यात मागे मोकळ्या जागेचा फोटो, त्यावर तो, त्यावर पुन्हा मूळ फोटोतून घेतलेली मुलगी आणि मुलाची मूठ, सगळ्यात वर खांद्यावरचा हात. रंग जुळवताना चेहऱ्याशी चेहरा लावू नका. बाहेर उन्हात काम करणाऱ्याचा चेहरा घरच्यांपेक्षा काळवंडलेलाच असतो आणि तो तसाच राहिला पाहिजे. त्याला उजळ करून द्यायचं काम आपलं नाही. जुळवायचं ते पांढरं आणि काळं. मुलीच्या शाळेच्या शर्टाचा पांढरा आणि त्याच्या बनियनची दिसणारी कड, आईच्या केसांतल्या गडद छाया आणि त्याच्या केसांतल्या. ही दोन टोकं `Curves` मध्ये जुळली की मधलं बरंचसं आपोआप येतं.

पायांची सावली हे शेवटचं मोठं काम. ती दोन प्रकारची असते. तळव्याला लागून एक बारीक, जवळजवळ काळी रेघ, आणि तिच्याभोवती पसरलेली फिकट छाया. फक्त फिकट छाया काढली तर माणूस जमिनीवर तरंगतो. आमच्याकडे शेजाऱ्याचा फोटो होता, म्हणून त्याचीच सावली उचलून `Multiply` मध्ये ठेवली आणि तळव्याची रेघ तेवढी हाताने काढली. सावलीचा रंग कधीही निव्वळ काळा घेऊ नका, आईच्या खुर्चीखालच्या छायेतून उचला. मुलीच्या खांद्यावर बोटांखालीही अशीच बारीक रेघ हवी. तिच्या शर्टावर एक हलकी चुणी पाडावी लागली, हाताच्या वजनाने पडते तशी.

काम झालं का, हे ओळखायचं कसं? फोटो आडवा उलटा करून बघा, डावं उजवीकडे. सवयीची नजर मोडते आणि चुका वर येतात. मग काळा-पांढरा करून बघा: एखादाच माणूस जास्त उजळ किंवा जास्त ठसठशीत दिसला तर तिथे काम बाकी आहे. शेवटी अंगठ्याएवढा लहान करून बघा. या तिन्हींत नजर आधी नव्या माणसावर जात नसेल तर प्रिंट काढा. आमचा फोटो कापून २७०० बाय १८०० पिक्सेल उरला होता. तो १२ बाय १८ इंचावर काढला तर इंचाला १५० पिक्सेल मिळतात, भिंतीवर टांगायला पुरतात. हातात धरून बघायचा असेल तर ८ बाय १२ वर थांबा.

हे काम गोव्याला नवं नाही, एवढं मधेच सांगते. मला शिकवणारे काका फिल्मच्या काळातले. बोटीवर गेलेल्या तारवटींच्या आणि आखातात गेलेल्यांच्या घरून त्यांच्याकडे हीच मागणी यायची. ते दोन प्रिंट एकाच मापाच्या काढत, माणूस ब्लेडने कापत, कापलेली कड मागून पॉलिश पेपरने घासून पातळ करत, दुसऱ्या प्रिंटवर चिकटवून ब्रशने सांधा भरत आणि मग सगळ्याचा पुन्हा फोटो घेत. एका मापाच्या प्रिंट मिळाव्या म्हणून ते पत्राने कळवायचे की फोटोग्राफरने किती पावलांवरून फोटो घ्यावा. पत्राऐवजी आता व्हिडिओ कॉल आहे.

आता कुठे नाही म्हणायचं ते. कागदपत्रांसाठी मिक्सिंग अजिबात करायचं नाही. विवाह नोंदणीला नवरा-बायकोचा एकत्र फोटो हवा, बायको गावी आहे, जोडून द्या, असं कोणी ना कोणी विचारतंच. माणूस खरा असतो, लग्न खरं असतं, अडचण खरी असते. तरी नाही. सरकारी कागदावर तो फोटो दोघे एकत्र हजर होते याचा पुरावा म्हणून जातो, आणि ते हजर नव्हते. फोटो पकडला गेला तर त्याचा खरा अर्जही संशयात जातो, आणि त्याला सोडवायला इथे त्याचं कोणी नसतं. मी प्रत्येक प्रिंटच्या मागे लिहिते: दोन ठिकाणी काढलेले फोटो जोडून केलेला, घरगुती. गिऱ्हाईकाला ते आधी दाखवते.

दुसरं, ज्यांचा फोटो आहे त्यांच्याशी बोलल्याशिवाय काम घ्यायचं नाही. एखाद्या मुलीचा फोटो मोबाईलवर घेऊन येतात, म्हणतात होणारी बायको आहे, शेजारी बसवा. मी म्हणते, फोन लावा, तिच्याशी बोलते. खरंच घरचं असेल तर फोन लगेच लागतो आणि पलीकडे हसणं ऐकू येतं. फोन लावायला कां-कूं झाली की काम परत. म्हणूनही गावाकडून नवा फोटो काढून घ्यायची पद्धत चांगली: तो काढायला त्यांनी उभं राहणं हीच त्यांची संमती असते.

पैसे आधी सांगा आणि प्रिंटचे वेगळे, कामाचे वेगळे सांगा. नाहीतर १२ बाय १८ च्या साध्या प्रिंटचा बाजारभाव माहीत असलेला माणूस वाद घालतो, आणि त्याचं चूक नसतं. निम्मे आगाऊ घ्या. दोन प्रती काढा, एक इथल्या खोलीसाठी आणि एक गावासाठी. गावची प्रत काचेच्या फ्रेममध्ये पाठवू नका, वाटेत फुटते. चकाकी नसलेलं लॅमिनेशन करून, जाड पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून स्पीड पोस्टने पाठवा. लॅमिनेशन आतल्या बाजूला वळवलं तर कडेने सुटतं, म्हणून फोटोची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा.

सरावासाठी गिऱ्हाईकाची वाट बघू नका. घरातल्या दोघांना पडवीत शेजारी उभं करून एक फोटो काढा. मग एकाला बाजूला करून दुसऱ्याचा एकट्याचा काढा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच जागी पहिल्याचा एकट्याचा काढा, अंतर आणि उंची साडीने आणि काठीने मोजून. ते दोन जोडा आणि पहिल्या खऱ्या फोटोशेजारी ठेवा. कुठे फरक पडला ते खरा फोटोच दाखवतो, मग मला विचारायची गरज पडत नाही. हे जमलं की फोन मुद्दाम एक फूट उंच धरून तोच सराव करा आणि काय बिघडतं ते बघून ठेवा.

पूर्णियाच्या घरचे सगळे मूळ फोटो, रडणाऱ्या मुलाचेही, मी त्याच्या फोनमध्ये भरून दिले. जोडलेली फाईल प्रिंट घरी पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत ठेवली, कारण टपालात गहाळ झाली तर परत काढून द्यावी लागते. निरोप आला तसं त्याला दुकानात बोलावून, त्याच्यासमोर, लॅपटॉपमधून आणि माझ्या फोनमधून सगळं पुसलं. बायकामुलांचे फोटो कुणाच्या दुकानात पडून राहू नयेत, म्हणून हेही शिकणाऱ्यांकडून मी पहिल्या कामापासून करून घेते.